पॅरिस करारातील एक क्रियापद आणि हवामानाचे राजकारण

"सर, हवामान बदल होतो आहे हे सगळे देश मान्य करतात, दरवर्षी परिषदही घेतात, तरी कडक करार का होत नाही? बारावीच्या राज्यशास्त्रात सविस्तर उत्तर लिहिताना 'प्रत्येक देश स्वार्थी असतो' एवढे लिहिले तर चालेल का?"

चालणार नाही. स्वार्थ हेच कारण असते तर ओझोनच्या थराचा करारही झाला नसता. १९८७ मध्ये माँट्रियल येथे तो झाला तेव्हा देश हेच होते आणि त्यांचे स्वार्थही हेच होते, तरीही पुढे जगातील प्रत्येक देशाने तो स्वीकारला. फ्रीज, वातानुकूलन यंत्रे आणि फवाऱ्याचे डबे यांत वापरले जाणारे, ओझोनचा थर विरळ करणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू मोजक्या कंपन्या बनवत होत्या, त्यांना पर्याय ठरतील अशी रसायने दृष्टिपथात होती, आणि करारात न येणाऱ्या देशांशी या रसायनांचा व्यापार करता येणार नाही असे कलम करारातच घातलेले होते. भारत आणि चीन सुरुवातीला बाहेर राहिले. १९९० मध्ये लंडन येथे विकसनशील देशांसाठी स्वतंत्र निधी ठरला आणि त्यानंतर भारत १९९२ मध्ये सामील झाला. म्हणजे स्वार्थ होताच, पण त्याची भरपाई करता येईल एवढा तो आवाक्यातला होता.

कार्बन डायऑक्साइड हे काही कुठल्या कंपनीचे उत्पादन नव्हे. वीज, सिमेंट, पोलाद, खत, वाहतूक या सगळ्यांतून तो बाहेर पडतो. त्यामुळे तो कमी करण्याचा निर्णय पर्यावरण खात्याच्या हातात राहत नाही. अर्थ, ऊर्जा, रेल्वे आणि कामगार या खात्यांतून फिरत तो अखेरीस निवडणुकीपर्यंत पोहोचतो. हवामान बदलाला 'राजकीय प्रश्न' म्हणायचे ते या अर्थाने, आणि उत्तरात ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात यावी.

आता मुख्य मुद्दा. आंतरराष्ट्रीय करार दोन ठिकाणी मंजूर व्हावा लागतो: एकदा परिषदेच्या सभागृहात आणि दुसऱ्यांदा मायदेशी. आपण बहुतेक वेळा फक्त सभागृहाकडे पाहतो, पण हवामानाचे करार जास्त वेळा अडले आहेत ते दुसऱ्या ठिकाणी. नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक फायदा आहे, कारण अनुसमर्थनाची, म्हणजे करार मायदेशी मंजूर करण्याची, पद्धत प्रत्येक देशाच्या राज्यघटनेत वेगळी असते हे त्याने वाचलेले असते. भारतात करार करणे आणि त्याचे अनुसमर्थन करणे हे कार्यकारी मंडळाचे काम आहे. संसदेची पूर्वसंमती लागत नाही. कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करावा लागला तर अनुच्छेद २५३ संसदेला तसा अधिकार देतो, मग तो विषय राज्यसूचीतला असला तरीही. पॅरिस कराराला भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी मान्यता दिली ती याच पद्धतीने. अमेरिकेत मात्र राज्यघटनेतील अर्थाने जो 'तह' ठरतो, त्याला सिनेटच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. शंभर सदस्य उपस्थित असतील तर सदुसष्ट. ज्या सभागृहात दोन पक्षांचे बळ साधारण सारखे असते आणि कोळसा व तेल काढणाऱ्या लहान राज्यांनाही मोठ्या राज्यांइतक्याच दोन जागा असतात, तेथे सदुसष्ट मते म्हणजे जवळजवळ बंद दरवाजा.

१९९७ मध्ये जपानमधील क्योटो येथे झालेल्या हवामान कराराचे प्रकरण या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. हवामान बदलाविषयीच्या १९९२ च्या मूळ आराखडा कराराने 'सामाईक पण भिन्न जबाबदारी' हे तत्त्व मान्य केले होते: प्रश्न सर्वांचा, पण ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती उभी केली त्यांनी आधी पाऊल उचलायचे. १९९५ मध्ये बर्लिन येथे झालेल्या पहिल्या परिषदेने त्यावरून ठरवले की पुढच्या करारात विकसनशील देशांवर नवे बंधन येणार नाही. क्योटोची चर्चा याच पायावर चालू होती. परंतु परिषदेच्या काही महिने आधी, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी एक ठराव केला. विकसनशील देशांवर त्याच मुदतीत ठरावीक बंधन नसेल, किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर हानी होणार असेल, तर असा करार अमेरिकेने करू नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे बर्लिनमध्ये जी अट मान्य करून चर्चा सुरू झाली होती, तिलाच वॉशिंग्टनमध्ये एकमताने नकार मिळालेला होता. अमेरिकी शिष्टमंडळ तरीही क्योटोला गेले आणि त्याने १९९० च्या पातळीपेक्षा ७ टक्के कमी उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले. पुढच्या वर्षी सहीही झाली, पण करार सिनेटपुढे कधी मांडलाच गेला नाही, आणि २००१ मध्ये नव्या अध्यक्षांनी तो नाकारला. मायदेशी मंजूर होणार नाही हे ठाऊक असलेली सही सभागृहात केली गेली होती, असेच म्हणावे लागते.

अमेरिका गेल्याने केवळ एक मोठा देश गेला असे झाले नाही. कराराचे गणितच बिघडले. क्योटो करार लागू होण्यासाठी दोन अटी होत्या. किमान ५५ देशांचे अनुसमर्थन हवे आणि त्यांत जे विकसित देश असतील त्यांचा १९९० मधील उत्सर्जनातील एकत्रित वाटा सर्व विकसित देशांच्या उत्सर्जनाच्या किमान ५५ टक्के हवा. त्यात अमेरिकेचा वाटा सुमारे ३६ टक्के आणि रशियाचा सुमारे १७ टक्के होता. अमेरिका वजा केली की ६४ उरतात. त्यातून रशियाही वजा केला तर ४७ उरतात, म्हणजे उरलेले सगळे आले तरी ५५ होत नाहीत. मार्च २००१ नंतर म्हणूनच संपूर्ण जगाच्या हवामान कराराची किल्ली मॉस्कोच्या हातात आली. रशियाला प्रत्यक्षात काही कमी करायचेही नव्हते, कारण त्याचे उद्दिष्ट १९९० ची पातळी राखण्याचे होते आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखाने बंद पडून त्याचे उत्सर्जन त्याहून कितीतरी खाली गेले होते. तरीही तीन वर्षे निर्णय लांबला. मे २००४ मध्ये युरोपीय संघाने रशियाच्या जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशाला पाठिंबा देण्याचे मान्य केले, नोव्हेंबरमध्ये रशियाचे अनुसमर्थन झाले आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार लागू झाला. हवामानाच्या करारासाठी व्यापाराच्या टेबलावर किंमत मोजली गेली, हे उदाहरण उत्तरात जरूर यावे.

क्योटोत शिक्षेची तरतूद नव्हती असे अनेक उत्तरपत्रिकांत लिहिलेले असते; ते चूक आहे. तरतूद होती. उद्दिष्ट चुकलेल्या देशाला जेवढी तूट राहिली तिच्या १.३ पट कपात पुढच्या कालखंडात जादा करावी लागणार होती. पण पुढच्या कालखंडाचे उद्दिष्ट तोच देश वाटाघाटीतून ठरवणार, आणि एका वर्षाची सूचना देऊन त्याला बाहेरही पडता येणार. कॅनडाचे उद्दिष्ट ६ टक्के कपातीचे होते आणि प्रत्यक्षात त्याचे उत्सर्जन वाढत गेले. डिसेंबर २०११ मध्ये त्याने बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि कोणीही काही करू शकले नाही. सार्वभौम राज्यांच्या वर कोणी पोलीस नसतो हे राज्यशास्त्राच्या पुस्तकातले वाक्य आहे, पण कॅनडाच्या उदाहरणाशिवाय ते नुसतेच वाक्य राहते.

पॅरिस करार या अनुभवातून घडला आहे, आणि तो समजून घ्यायला त्याचे चौथे कलम पुरेसे आहे. १२ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी अंतिम मसुदा मंजुरीसाठी तयार होता. त्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदात विकसित देशांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेला लागू होणारी कपातीची उद्दिष्टे ठेवून पुढाकार घेण्याविषयी जे वाक्य होते, त्यातले इंग्रजी क्रियापद बंधनकारक होते. मराठीत सांगायचे तर 'विकसित देशांनी पुढाकार घेणे बंधनकारक राहील' असा त्याचा अर्थ होत होता, तर विकसनशील देशांविषयीच्या पुढच्या वाक्यात 'प्रयत्न वाढवावेत' असे सौम्य रूप होते. अमेरिकी शिष्टमंडळाच्या लक्षात आले की पहिल्या वाक्याने अमेरिकेवर उत्सर्जन कपातीचे नवे कायदेशीर बंधन येते. ते आले की हा करार सिनेटपुढे न्यावा लागेल, आणि सिनेटपुढे नेला की तो संपला. सभा बराच वेळ खोळंबली. अखेर सचिवालयाच्या अधिकाऱ्याने मसुद्यातील किरकोळ दुरुस्त्या वाचून दाखवल्या, त्या यादीत हे क्रियापदही होते. 'बंधनकारक राहील' च्या जागी 'घ्यावा' आले, अध्यक्षपदी असलेले फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लोराँ फाबियुस यांनी हातोडा आपटला आणि करार मंजूर झाला. निकाराग्वाच्या प्रतिनिधींनी हरकत नोंदवली ती त्यानंतर.

विरामचिन्हांच्या चुका दुरुस्त करताना जगाच्या कराराचे एक बंधन निघून गेले, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते हास्यास्पद वाटले होते. आज तसे वाटत नाही. ते क्रियापद तसेच राहिले असते तर करार अधिक कडक झाला असता आणि अमेरिका त्यात आलीच नसती; अमेरिका नाही म्हटल्यावर चीन कितपत राहिला असता हा प्रश्नच होता. वाटाघाटी करणाऱ्यांपुढे निवड 'कडक किंवा सौम्य' अशी नव्हती. ती 'कडक आणि थोड्यांचा' किंवा 'सौम्य आणि सर्वांचा' अशी होती. क्योटोत पहिली वाट चालून पाहिली होती.

पॅरिस करार बंधनकारक नाही असे सरसकट लिहू नका, हे येथेच सांगून ठेवतो. तो आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार पूर्ण करार आहे. दर पाच वर्षांनी स्वतःचे उद्दिष्ट ठरवून कळवणे, त्यासाठी देशांतर्गत उपाय योजणे आणि प्रगतीचा हिशेब देणे हे बंधनकारक आहे. ते उद्दिष्ट गाठणे मात्र बंधनकारक नाही, आणि पालनावर लक्ष ठेवणारी समिती दंड करणारी नाही, मदत करणारी आहे, असे करारच सांगतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर गृहपाठ लिहून देणे सक्तीचे आहे, त्यात किती गुण मिळवायचे हे ज्याने त्याने ठरवायचे. या रचनेची किंमतही मोजावी लागली. सिनेट टाळून केवळ अध्यक्षांच्या अधिकारात जो करार स्वीकारला गेला, तो पुढच्या अध्यक्षांना त्यांच्या अधिकारात सोडताही आला. करार लागू झाल्यावर तीन वर्षे सूचना देता येत नव्हती आणि त्यापुढे एक वर्ष थांबावे लागत होते, म्हणून २०१७ मध्ये जाहीर झालेली माघार प्रत्यक्षात ४ नोव्हेंबर २०२० ला आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिका परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला.

सभागृहातली अडचण वेगळ्या प्रकारची आहे. मतदान कसे घ्यायचे याविषयीचा नियम मूळ आराखडा कराराच्या कार्यपद्धतीच्या मसुद्यात लिहिलेला होता, पण त्यावर १९९५ पासून आजतागायत एकमत झालेले नाही. त्यामुळे प्रत्येक परिषद तो एक नियम वगळून बाकीचे नियम वापरते आणि निर्णय सहमतीने होतात. सुमारे दोनशे देशांची सहमती म्हणजे प्रत्येकाला नकाराधिकार, असे कागदावर वाटते. प्रत्यक्षात सहमती झाली की नाही हे अध्यक्ष ठरवतात, आणि कोणाची हरकत किती जड हे त्यांना पाहावे लागते. २०१० मध्ये मेक्सिकोतील कानकुन येथे बोलिव्हियाने शेवटपर्यंत विरोध केला. एका देशाचा विरोध म्हणजे सहमतीचा अभाव नव्हे, असे म्हणून अध्यक्षांनी निर्णय जाहीर केला. २०२१ मध्ये ग्लासगो येथे मात्र हे शक्य नव्हते. मसुद्यात कोळशावरील विजेचा वापर 'बंद करण्याकडे' जाण्याचे शब्द होते. शेवटच्या बैठकीत भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी 'टप्प्याटप्प्याने कमी करण्याकडे' असा बदल सुचवला आणि तो स्वीकारला गेला. बेटांच्या देशांनी आणि स्वित्झर्लंडने उघड नाराजी व्यक्त केली, अध्यक्ष आलोक शर्मा यांचा माफी मागताना कंठ दाटला. पण भारत आणि चीन यांच्याविना कोळशाचा ठराव म्हणजे कागदच राहिला असता. आणि हे विसरू नये की 'कमी करणे' हा शब्दप्रयोग भारताचा शोध नव्हता. तीन दिवस आधी अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात चीनच्या कोळशाविषयी तो आलेला होता.

भारताच्या भूमिकेचे समर्थन किंवा निषेध करण्यापूर्वी त्यामागची देशांतर्गत बाजू लिहावी. त्या वेळी देशातील सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून तयार होत होती. रेल्वेच्या मालवाहतुकीच्या उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा आहे आणि प्रवासी भाडे स्वस्त ठेवणे त्यामुळेच जमते. खाणी असलेल्या राज्यांना कोळशावर स्वामित्वधन मिळते. चंद्रपूरच्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. खाण, वीज केंद्र आणि त्यावर चालणारी बाजारपेठ हे सगळे त्यांच्या एकाच जिल्ह्यात असते. मसुद्यात तेल आणि वायू यांचे नाव नव्हते, फक्त कोळशाचे होते, ही भारताची तक्रारही खरी होती, कारण तेल आणि वायू यांवर श्रीमंत देश अधिक अवलंबून आहेत. माझे मत विचाराल तर ती तक्रार शेवटच्या तासात नव्हे, दोन आठवडे आधी उघडपणे मांडली गेली असती तर भारताची बाजू अधिक भक्कम दिसली असती.

तीन वर्षांनी अझरबैजानमधील बाकू येथील परिषदेत उलटे घडले. विकसनशील देशांनी हवामानासाठीच्या निधीत वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार कोटी डॉलरची मागणी केली होती. २०३५ पर्यंत वर्षाला ३० हजार कोटी डॉलर देण्याचा ठराव आला. हातोडा पडल्यानंतर भारताच्या प्रतिनिधींनी आपल्याला बोलू दिले नाही असे सांगून ठराव अमान्य असल्याचे जाहीर केले, पण निर्णय कायम राहिला. ग्लासगोत भारताची हरकत निर्णायक ठरली, बाकूत ठरली नाही. फरक एवढाच की कोळसा भारताला जाळायचा होता, पैसे मात्र दुसऱ्यांना द्यायचे होते. ज्याच्या कृतीवर ठराव अवलंबून असतो, त्याचीच हरकत जड भरते.

उत्तरात भारताचे उद्दिष्ट लिहिताना एक चूक हमखास होते, म्हणून तेवढे सांगून थांबतो. भारताने २०२२ मध्ये कळवलेल्या उद्दिष्टानुसार २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के घट व्हायची आहे ती उत्सर्जनात नव्हे, उत्सर्जनाच्या तीव्रतेत, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे होणाऱ्या उत्सर्जनात. समजा २००५ मध्ये उत्पन्न १०० आणि उत्सर्जन १०० होते. पुढे उत्पन्न ४०० झाले आणि तीव्रता ४५ टक्क्यांनी घटली, तर उत्सर्जन ४०० गुणिले ०.५५, म्हणजे २२० होईल. उद्दिष्ट पूर्ण झाले आणि उत्सर्जन दुपटीहून अधिक वाढले, दोन्ही एकाच वेळी खरे. अमेरिकेतल्या माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि भारतातल्या माणसामागे सुमारे २ टन, हे लक्षात घेतले की भारताने असे माप का निवडले ते कळते. आणि मालदीवसारख्या बेटाला त्याने समाधान का होत नाही, तेही कळते. परीक्षक या ठिकाणी 'भारताने उत्सर्जन ४५ टक्के कमी करण्याचे वचन दिले' हे वाक्य शोधत असतो, गुण कापण्यासाठी.